मंगळ कितव्या घरात आहे?

फोटो बहुतेक वेळा तिरकाच येतो. गादीवर ठेवलेला पत्रिकेचा कागद, कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट, मधोमध घडीची रेघ आणि वरच्या अर्ध्या भागावर फोटो काढणाऱ्याच्या हाताची सावली. खाली मजकूर एवढाच : "बघा बरं जरा, काय म्हणतीय पत्रिका? मंगळ तर नाही ना?"

पाठवणाऱ्याला हा एकच प्रश्न वाटतो, पण त्यात दोन आहेत. मंगळ कुठे आहे, हे कागदावर छापलेलं असतं आणि ते कोणालाही मोजता येतं. पत्रिका काय म्हणते, याचं उत्तर मात्र वाचणारा माणूस आपल्या पोतडीतून काढून देतो. गडबड होते ती दोन्ही उत्तरं एकाच श्वासात दिल्यामुळे. "मंगळ आठवा आहे, जपून राहा" या वाक्यातला पहिला भाग मोजलेला आहे आणि दुसरा मानलेला. ऐकणाऱ्याला दोन्हींचं वजन सारखंच वाटतं.

नमुना हाताशी असला की हे नीट दिसतं. कोणाची खरी पत्रिका उघड्यावर कशाला मांडायची, म्हणून तारीख, वेळ आणि गाव आपणच ठरवू : १ जानेवारी २०००, शनिवार, सायंकाळी साडेपाच, परभणी. राशिचक्र कुठून मोजायला सुरुवात करायची ते ठरवणारे अयनांश चित्रापक्षीय, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक पंचांगांत आणि संगणकी पत्रिकांत धरतात तेच.

आता कागदावरची आकृती. चौकोन, त्याचे दोन कर्ण, आणि चार बाजूंचे मध्यबिंदू जोडून झालेला आतला चौकोन. एवढ्या रेघांनी बारा घरं होतात, चार मोठी शंकरपाळ्याच्या आकाराची आणि आठ त्रिकोणी. वरचं मधलं शंकरपाळं म्हणजे पहिलं घर, लग्नस्थान. तिथून डावीकडे वळायचं, घड्याळाच्या उलट. डावं शंकरपाळं चौथं, खालचं सातवं, उजवं दहावं. ही जागा कधीच हलत नाही, आणि म्हणूनच घराचा क्रमांक कागदावर छापत नाहीत.

मग घरात जो आकडा दिसतो तो कसला? तो राशीचा. मेष १, वृषभ २, मिथुन ३, असं मीन १२ पर्यंत. आपल्या नमुन्यात वरच्या घरात ३ आहे, म्हणजे जन्मवेळी पूर्वेच्या क्षितिजावर मिथुन रास उगवत होती. डावीकडे जात जात ४, ५, ६ असे आकडे वाढतात. मंगळाचा 'मं' ११ लिहिलेल्या घरात आहे. नवशिक्याचं बोट तिथं टेकतं आणि तो म्हणतो, मंगळ अकराव्या घरात. फोटोवरून पत्रिका वाचताना सर्वांत जास्त होणारी चूक हीच. ११ म्हणजे कुंभ रास. घर मोजायचं तर वरून सुरुवात करा : ३, ४, ५, ६, ७, ८, ९, १०, ११. नववं. बोटं मोडायची नसतील तर राशीच्या आकड्यातून लग्नाचा आकडा वजा करून एक मिळवा. ११ वजा ३ अधिक १, नऊ. उत्तर शून्य किंवा ऋण आलं तर त्यात बारा मिळवायचे. गुरू आणि शनी १ च्या घरात आहेत : १ वजा ३ अधिक १ म्हणजे उणे एक, बारा मिळवून अकरा. म्हणजे 'एक' लिहिलेलं घर इथे अकरावं आहे आणि 'अकरा' लिहिलेलं नववं. गोंधळ का होतो ते यातच आलं.

बाकीची मांडणी अशी आहे. ४ मध्ये राहू, ७ मध्ये चंद्र, ८ मध्ये शुक्र आणि प्लुटो, ९ मध्ये रवी आणि बुध, १० मध्ये केतू, हर्षल आणि नेपच्यून. उरलेली घरं रिकामी. रिकाम्या घरानं घाबरणारेही असतात. ग्रह मोजकेच आणि घरं बारा, त्यातून दोन-तीन ग्रह एका घरात दाटीनं बसतात. काही घरं रिकामी राहणारच.

फोटो पुसट असला की अक्षरं दगा देतात. 'शु' चा उकार घडीत गेला की शुक्राचा शनी होतो. 'र' शेजारी काना आहे की कागदाची सुरकुती, यावर रवी आणि राहू ठरतो. 'बु' आणि 'गु' लांबून सारखे दिसतात. 'के' आणि 'ने' तर इथे एकाच घरात बसले आहेत. अशा वेळी डोळे ताणण्यापेक्षा आकाशाला विचारलेलं बरं, कारण काही गोष्टी आकाशात होऊच शकत नाहीत. पृथ्वीवरून पाहताना बुध सूर्यापासून २८ अंशांच्या पलीकडे जात नाही, म्हणून 'बु' रवीच्या घरात किंवा लगतच्या घरातच हवा. शुक्राची मर्यादा ४७-४८ अंशांची, म्हणजे फार तर दोन राशी इकडे किंवा तिकडे. राहू आणि केतू हे चंद्राच्या कक्षेचे दोन छेदनबिंदू आहेत, ते नेहमी समोरासमोर. नमुन्यात रवी ९ मध्ये आहे, त्यामुळे १ च्या घरातला 'श' शुक्र असूच शकत नाही. तो चार राशी लांब आहे. आणि ४ मध्ये राहू असेल तर १० मधला 'के' खरा केतू, दुसरा नेपच्यून.

याच ताळ्यानं पूर्ण पत्रिकाही तपासता येते. रवीची रास तारखेवरून कळते. मकर संक्रांत १४-१५ जानेवारीला, म्हणजे त्याआधी महिनाभर रवी धनूत. १ जानेवारीला ९ च्या घरात रवी बरोबर. रवीचं घर वेळेवरून कळतं : सूर्योदयाला पहिल्याच्या आसपास, दुपारी दहाव्याच्या, सूर्यास्ताला सातव्याच्या, मध्यरात्री चौथ्याच्या. वेळ सायंकाळची साडेपाच आणि रवी सातव्यात, जमलं. वेळ सायंकाळची आणि रवी पहिल्या घरात दिसला, तर कोणीतरी संगणकावर सायंकाळच्या जागी सकाळ भरलेली आहे; पुढचं काही वाचायची गरज नाही. चंद्र तिथीवरून पडताळतो. अमावास्येला तो रवीच्या जवळ, पौर्णिमेला समोर. नमुन्यात चंद्र रवीच्या ५७ अंश मागे आहे, तिथी कृष्ण एकादशी, मार्गशीर्षातली. दर तिथी बारा अंशांची, त्यामुळे हा हिशेब कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर होतो.

हे ताळे बसत नसतील तर आधी पत्रिका चुकीची म्हणू नका. कदाचित फोटोत दुसरीच कुंडली आली असेल. छापील पत्रिकेत लग्नकुंडलीशेजारी राशिकुंडली असते, खाली नवमांश असतो, कधी चलितही. लोक एका चौकोनाचा फोटो काढतात आणि वरचं नाव कापलं जातं. वरच्या घरातच चंद्र दिसला तर राशिकुंडलीचा संशय घ्यावा. तिथे चंद्राची रास वर लिहून मोजणी सुरू करतात. नवमांश ओळखायची खूण बुधाची. आपल्या नमुन्यात लग्नकुंडलीत रवी-बुध एकत्र आहेत, पण नवमांशात रवी सिंहेत जातो आणि बुध मिथुनेत, दोन राशींचं अंतर पडतं. बुध रवीपासून असा तुटलेला दिसला की समजायचं, हा आकाशाचा थेट नकाशा नाही, प्रत्येक राशीचे नऊ तुकडे करून पुन्हा मांडलेला तक्ता आहे. राहू-केतू मात्र तिथेही समोरासमोरच असतात, त्यामुळे फक्त तेवढी खूण पाहून निर्धास्त होऊ नये.

देगलूर, बिलोली, उदगीर, निलंगा या पट्ट्यात आणखी एक भानगड होते. सोयरिकी सीमेपलीकडे होतात आणि पत्रिका तेलुगू किंवा कानडी अक्षरांत, वेगळ्याच चौकटीत येते. तिच्यात कर्ण नसतात. मधला चौकोन मोकळा आणि भोवती बारा खाने. या मांडणीत राशी जागच्या जागी असतात आणि लग्न फिरतं. वरचा डावा कोपरा मीन, त्याच्या उजवीकडे मेष, वृषभ, मिथुन. मग उजव्या कडेनं खाली कर्क, सिंह. खालच्या उजव्या कोपऱ्यात कन्या, आणि तसंच गोल फिरत डाव्या कडेनं वर कुंभ. दिशा घड्याळाची. राशीचे आकडे बहुधा लिहीत नाहीत, आणि लग्नाच्या खान्यात तिरपी रेघ किंवा लग्नाचं अक्षर असतं. आपल्या सवयीनं वरचं मधलं घर लग्न धरून डावीकडे मोजलं की सगळंच उलटं होतं. पत्रिका एक, आकाश एक, फक्त कागदाची रीत वेगळी.

आता मंगळाकडे. आपल्याकडची रूढ रीत अशी : लग्नापासून पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ असेल तर "पत्रिकेत मंगळ आहे" म्हणायचं. दक्षिणेकडे दुसरं घरही धरतात. नमुन्यातला मंगळ नववा, म्हणजे दोन्ही रीतींनी सुटला. पण काही जण चंद्रापासूनही मोजतात. चंद्र ७ मध्ये, मंगळ ११ मध्ये, पाचवा, तिथेही सुटला. काही जण शुक्रापासूनही मोजतात. शुक्र ८ मध्ये, तिथून मंगळ चौथा. सापडला! एका ठिकाणी मुलीला मंगळ नाही आणि दुसऱ्या ठिकाणी आहे, तेव्हा बहुतेक वेळा कोणीच खोटं बोलत नसतं. मोजायला सुरुवात कुठून केली, तेवढाच फरक असतो. म्हणून उत्तर देताना मोजणीचा आरंभ सांगितलाच पाहिजे.

यातलं गणित एकदा तरी करून बघावं. बारांपैकी पाच घरं मंगळाची. चोवीस तासांत बाराही लग्नं उगवून जातात, म्हणजे कुठल्याही दिवशी साधारण दहा तासांत जन्मलेली सगळी मुलं मंगळाची ठरणार. दुसरं घर धरलं तर निम्मी. लग्न, चंद्र आणि शुक्र अशा तिन्हींपासून मोजलं तर ढोबळ हिशेबानं दहातली आठ. ज्याला आपण दोष म्हणतो तो गावातल्या बहुतेक घरांत निघतो, आणि मग तो काढून टाकायला 'परिहार' लागतात : मंगळ स्वराशीत असेल तर नाही, गुरूची दृष्टी असेल तर नाही, समोरच्यालाही असेल तर नाही. जाळं इतकं बारीक विणलं की मासे सोडायला भोकंही पाडावी लागली.

"मंगळ नवव्या घरात, कुंभ राशीत" हे वाक्य तुम्ही, मी आणि परळीचा कोणी गुरुजी वेगवेगळे बसून तपासू शकतो. उत्तर एकच येतं. "नवव्यातला मंगळ असलेल्याचं वडिलांशी पटत नाही" हे मात्र तसं तपासता येत नाही. ते या पत्रिकेत कुठेच छापलेलं नाही; ते ग्रंथातून आलं, किंवा सांगणाऱ्याच्या सवयीतून. दोन्ही वेगळी करायची सोपी युक्ती म्हणजे वाक्याचं क्रियापद पाहणं. 'आहे' वर संपणारं वाक्य बहुधा मांडणीचं, 'होईल', 'देतो', 'करवतो' वर संपणारं भाकिताचं. पण ही युक्ती एका ठिकाणी फसते, कारण घरांची आणि अवस्थांची नावंच भाकीत पोटात घेऊन येतात. नमुन्यात केतू आठव्या घरात आहे. तेच "मृत्यूस्थानात केतू आहे" असं म्हणून बघा. क्रियापद तेच, मोजणी तीच, पण ऐकणारीच्या पोटात गोळा येतो. भाग्यस्थान, व्ययस्थान, पापग्रह, दोष, हे सगळे शब्द तसलेच. फोटो पाठवणाऱ्याला उत्तर देताना नावाऐवजी आकडा वापरला की निम्मी भीती आपोआप कमी होते.

'नीच' हा त्यातला सर्वांत जहाल शब्द. नमुन्यातला शनी मेषेत, म्हणजे परिभाषेत नीच. आईवडील हे ऐकून गप्प होतात. पण शनी एका राशीत सरासरी अडीच वर्षं राहतो. त्या खेपेला तो १९९८ च्या एप्रिलपासून २००० च्या जूनच्या सुरुवातीपर्यंत मेषेत होता. तेवढ्या काळात जगात जन्मलेल्या प्रत्येकाचा शनी नीच आहे. शाळेच्या दोन पूर्ण तुकड्या, गुणवत्ता यादीतले आणि नापास झालेले सगळे.

भाकिताचा भाग स्वतंत्रपणे तपासायचा प्रयत्न महाराष्ट्रातच झालेला आहे. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोळकर आणि प्रकाश घाटपांडे यांची चाचणी २००९ साली 'करंट सायन्स' मध्ये प्रसिद्ध झाली. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पत्रिका घेतल्या, प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस दिल्या आणि कोणती कोणत्या गटातली ते विचारलं. सत्तावीस जणांची उत्तरं आली. बरोबर उत्तरांचं प्रमाण निम्म्याच्याही थोडं खालीच राहिलं. नाणं उडवूनही एवढं जमतं. 

पण रोजच्या व्यवहारात घोळ भाकितापर्यंत पोचायच्या आधीच झालेला असतो, वेळेपाशी. घरात विचारलं तर कळतं, जन्म "दिवेलागणीला" झाला. परभणीत १ जानेवारीला सूर्य सहाला चार-पाच मिनिटं कमी असताना मावळतो. दिवेलागण म्हणजे साडेपाच की सात? पत्रिका करणाऱ्यानं साडेपाच लिहिलं. सात धरून तीच पत्रिका पुन्हा मांडू. साधारण ६.३५ ला चंद्र स्वाती नक्षत्रातून विशाखात जातो. ६.५२ च्या सुमाराला मिथुन लग्न संपून कर्क लागतं. ग्रह आपापल्या राशीतच आहेत, चंद्रही तुळेतच, पण वरच्या घरात आता ४ आला आणि ११ मधला मंगळ नवव्याचा आठवा झाला. म्हणजे कडक मंगळ. दीड तासाचा फरक, आणि तोही कंदील लावणाऱ्या आजीच्या आठवणीवर.

महादशेचंही तेच. महादशा म्हणजे एकेका ग्रहाच्या नावावर मांडलेली वर्षं; पहिली कोणाची आणि तिची किती उरली, ते जन्मवेळच्या चंद्राच्या नक्षत्रावरून ठरतं. साडेपाचला चंद्र स्वातीच्या अगदी शेवटी आहे, त्यामुळे राहूच्या अठरा वर्षांतले जेमतेम साडेआठ महिने उरतात. सातला धरलं तर राहू उडालाच, थेट गुरूची दशा, सोळातली जवळजवळ पावणेसोळा वर्षं बाकी. पुढच्या सगळ्या दशांच्या तारखा वर्षभराने सरकतात. आणि कागदावर छापलेलं असतं "राहू भोग्य ०-८-१९", दिवसापर्यंत अचूक! तो १९ हा आकडा गणिताच्या दृष्टीनं बरोबर आहे, पण ज्या वेळेवर तो उभा आहे ती अर्ध्या तासाची तरी खात्रीची नाही. वेगळे अयनांश धरले तरी हे आकडे हलतात. सहा कलांच्या, म्हणजे अंशाच्या दहाव्या भागाच्या फरकानं इथे दीड-पावणेदोन महिने इकडचे तिकडे होतात.

म्हणून फोटोत सर्वांत आधी लग्नाचे अंश शोधावेत. नमुन्यात मिथुन लग्न साडेअकरा अंशांवर आहे. लग्न एक अंश सरकायला सरासरी चार मिनिटं लागतात, त्यामुळे वेळ दहा-पंधरा मिनिटं चुकली तरी लग्न बदलत नाही. तेच २८ किंवा १ अंश दिसला तर पाच-दहा मिनिटांवर अख्खी पत्रिका बदलते, आणि तसं स्पष्ट सांगावं. मग गावाचं नाव बघावं. संगणकी पत्रिकेच्या यादीत एक औरंगाबाद बिहारचंही असतं. चुकून ते निवडलं गेलं तर लग्न सुमारे छत्तीस मिनिटांनी पुढे पळतं. गाव सापडलं नाही म्हणून मुंबई भरली तर परभणीच्या जन्माला पंधरा-सोळा मिनिटांचा फरक पडतो. जुन्या हातच्या पत्रिकेत वेळ स्थानिक धरली आहे की घड्याळाची, हेही पाहावं. परभणीची स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या तेवीस मिनिटं मागे असते. जन्मदाखल्याची मदत इथे होत नाही, त्यावर तारीख असते, वेळ नसते. दवाखान्याचा कागद जपून ठेवला असेल तर त्यावर मिळते.

हे सगळं पाहून झाल्यावर पाठवायचं उत्तर चार ओळींचं होतं. "ताई, ही लग्नकुंडली आहे, मिथुन लग्न, तूळ रास, स्वाती नक्षत्र. मंगळ लग्नापासून नववा, कुंभेत. १, ४, ७, ८, १२ यांत नाही. शुक्रापासून मोजणारे चौथा धरतील. वेळ साडेपाच लिहिली आहे ती कोणी सांगितली, ते घरात विचारून कळवा. सात वाजले असतील तर हा कागद बाजूला ठेवावा लागेल." खाली दोन निळ्या खुणा उमटतात, आणि थोड्या वेळानं उलट प्रश्न येतो : "ते ठीक आहे, पण लग्न कधी होईल?"